दात जागा बदलतो

भिंतीत पक्की ठोकलेली खुंटी आपण होऊन कधी सरकत नाही. तिला चार बोटे बाजूला न्यावयाचे असेल, तर ती उपटून दुसरीकडे ठोकावी लागते आणि जुन्या ठिकाणी भोक राहते. दातही जबड्याच्या हाडात असाच पक्का बसलेला असतो. दात कठीण, आणि ज्यात तो बसला ते हाडही कठीण. असे असूनही वेडावाकडा आलेला दात न उपटता, हाड न फोडता आणि मागे भोक न ठेवता हळूहळू योग्य जागी नेता येतो. हे कसे घडते, हे एका उदाहरणावरून नीट कळेल.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, या शहरात १९८२ साली स्थापन झालेले शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. अशा रुग्णालयांत दात सरळ करून घेण्यासाठी पुष्कळ मुले-मुली येत असतात. त्यांच्यासारखीच आठवीत शिकणारी एक तेरा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणावी. तिच्या वरच्या जबड्यात दातांना पुरेशी जागा नव्हती. त्यामुळे डावीकडचा सुळा ओळ सोडून उंचावर, ओठाच्या बाजूला आला होता, आणि त्याच्या शेजारचा पटाशीचा दात पीळ दिल्यासारखा स्वतःभोवती वळला होता. घास चावताना सुळा ओठाला लागे, आणि दोन दातांच्या बेचक्यात अन्न अडकून हिरडी सुजे.

डॉक्टरांनी तिच्या दातांचा साचा घेतला, क्ष-किरणांनी चित्रे घेतली आणि जागेचे माप काढले. वरच्या जबड्यात दोन्ही बाजूंची एकेक उपदाढ काढली, तरच सर्व दात ओळीत मावतील, असे त्या मापावरून दिसले. एकाच बाजूची उपदाढ काढली असती, तर पुढचे दात त्या बाजूला झुकले असते. उपदाढा काढल्यावर डावा सुळा ओळीत उतरवून सुमारे ५ मिलिमीटर मागे न्यावयाचा होता. दातांवर लहान धातूचे ब्रॅकेट चिकटवून त्यांतून तार ओवली गेली, आणि सुळा व मागची दाढ यांच्यामध्ये एक बारीक स्प्रिंग जोडली गेली.

आता प्रश्न असा, की ही स्प्रिंग नेमके काय करते? ती दाताला हाडातून ओढून नेते, असे पाहणाऱ्याला वाटते. पण तसे मुळीच नाही.

दाताचे मूळ हाडाच्या खोबणीत असते, परंतु ते हाडाला थेट चिकटलेले नसते. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर रुंदीची एक फट असते. वहीची तीन पाने एकावर एक ठेवावीत, एवढीच ती रुंद. पण ही फट रिकामी नसते. तिच्यात असंख्य बळकट तंतू असतात. त्यांचे एक टोक मुळावरच्या अस्तरात आणि दुसरे हाडात रुतलेले असते, आणि झोपाळ्याला दोरांनी तोलून धरावे तसा ते दाताला तोलून धरतात. तंतूंच्या मधून बारीक रक्तवाहिन्या आणि नसा जातात, त्यांच्या आसपास जिवंत पेशी असतात आणि उरलेल्या जागेत द्रव भरलेला असतो. या सर्वांना मिळून दाताचा बंध म्हणतात.

दात हलण्याचे सारे रहस्य या बंधात आहे. याला एक उलट पुरावा आहे. अपघाताने किंवा अन्य कारणाने एखाद्या दाताचा बंध नष्ट होतो आणि मूळ हाडाला थेट जुळून जाते. अशा दाताला कितीही काळ तार लावली, तरी तो तसूभरही सरकत नाही. धातूचा कृत्रिम दात हाडात बसवतात, त्याचीही गत तीच; कारण त्याच्याभोवती बंध नसतो.

आता त्या मुलीच्या सुळ्याकडे पाहावे. स्प्रिंग त्याला मागे ओढते. त्यामुळे मुळाच्या मागच्या अंगाला बंध दाबला जातो आणि पुढच्या अंगाला ताणला जातो. पहिली ती दाबाची बाजू, दुसरी ती ताणाची बाजू. एकाच दाताभोवती, एकाच वेळी, अगदी जवळजवळ अशा दोन वेगळ्या परिस्थिती निर्माण होतात, आणि त्या दोन ठिकाणच्या पेशी दोन उलट कामे हाती घेतात.

दाबाच्या बाजूस रक्तवाहिन्या थोड्या चेपतात आणि तेथील रक्तप्रवाह मंदावतो. काही तासांतच तेथील पेशी रासायनिक संदेश सोडू लागतात. त्या संदेशांमुळे सुमारे दोन दिवसांत तेथे मोठ्या आकाराच्या, अनेक केंद्रके असलेल्या पेशी तयार होतात. त्यांना अस्थिभक्षक पेशी म्हणतात. ही पेशी हाडाच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटते, आपल्याखाली आम्ल सोडून हाडातील क्षार विरघळवते आणि उरलेला तंतुमय भाग पाचक द्रव्यांनी पचवते. अशा पेशींनी हाड थोडे थोडे खाल्ले, की मुळाला मागे सरकण्यास जागा होते.

ताणाच्या बाजूस याच्या उलट घडते. तेथे तंतू ताणले जातात, आणि अस्थिजनक पेशी जोमाने कामाला लागतात. त्या हाडाच्या काठावर प्रथम मऊ तंतुमय थर घालतात. मग त्या थरात चुन्याचे व फॉस्फरसचे क्षार भरतात आणि तो हळूहळू कठीण हाड बनतो. दात पुढून जेवढा दूर जातो, तेवढे नवे हाड त्याच्यामागोमाग येते. म्हणूनच मागे भोक उरत नाही.

नदीच्या वळणावर असेच दृश्य दिसते. गोदावरीसारखी नदी वळण घेते, तेव्हा बाहेरचा काठ पाण्याने खचत जातो आणि आतल्या काठावर गाळ साठत जातो. वर्षानुवर्षे असे चालले, की नदीचे पात्र एका बाजूला सरकते. पण पात्राची रुंदी फारशी बदलत नाही. दाताभोवतीच्या बंधाचेही तसेच आहे. एक काठ खाल्ला जातो, दुसरा भरत येतो, आणि ती पाव मिलिमीटरची फट दातासह हाडातून प्रवास करते. फरक एवढाच, की नदीचा काठ पाण्याच्या मारानेच खचतो, तर येथे हाड स्प्रिंगच्या जोराने झिजत नाही. स्प्रिंग केवळ इशारा देते; काम जिवंत पेशी करतात.

मग एक शंका येते. त्याच तोंडात फुटाणे फोडताना दातांवर कित्येक किलोग्रॅम भार पडतो. ती मुलगी दिवसातून दोनदा जेवते, मधल्या सुट्टीत डबा खाते. तरी जेवणाने दात सरकत नाहीत. आणि स्प्रिंगचा जोर तर जेमतेम १०० ग्रॅम वजनाएवढा. एवढ्याशा जोराने दात कसा सरकतो?

याचे उत्तर काळात आहे. चावताना एकेका दातावरचा भार एक सेकंदही टिकत नाही. तेवढ्या अल्प काळात बंधातील द्रव फटीतून बाहेर जाऊ शकत नाही. तो गादीसारखे काम करतो आणि भार हाडावर पसरून जातो. पण जोर सतत राहिला, तर काही सेकंदांत द्रव बाजूला सरतो आणि दाब थेट बंधावर पडतो. हा दाब दिवसातून निदान चार ते सहा तास टिकला पाहिजे, तरच पेशी जाग्या होतात. म्हणूनच मोठा पण क्षणिक भार निष्फळ ठरतो, आणि लहान पण सततचा जोर दात हलवतो. लहानपणी पुष्कळ तास अंगठा चोखणाऱ्या मुलांचे पुढचे दात बाहेर येतात, त्याचेही कारण हेच.

जोर लहानच का ठेवावयाचा, हेही समजून घेण्यासारखे आहे. स्वीडनमधील सँडस्टेड नावाच्या दंतवैद्यांनी १९०४ च्या सुमारास याचा शोध घेतला. त्यांनी एका कुत्र्याच्या पुढच्या दातांना सुमारे तीन आठवडे जोर लावला आणि मग त्या दातांभोवतीच्या हाडाचे पातळ काप करून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ताणाच्या बाजूस नवे हाड तयार झालेले त्यांना दिसले. दाबाच्या बाजूस जेथे जोर हलका होता, तेथे हाडाचा काठ खाल्ला गेला होता. परंतु जेथे जोर भारी होता, तेथे बंधाचा तुकडा काचेसारखा एकजिनसी झाला होता आणि त्यात एकही जिवंत पेशी उरली नव्हती.

याचा अर्थ पुढे स्पष्ट झाला. जोर फार झाला, की दाबाच्या बाजूच्या रक्तवाहिन्या पूर्ण बंद होतात. रक्त नाही, म्हणून पेशी मरतात. आणि पेशी मेल्या, की हाड खाणारे तेथे कोणी उरत नाही. मग शेजारच्या निरोगी भागातून अस्थिभक्षक पेशी येतात आणि भिंतीखाली भुयार खणावे तसे आतल्या बाजूने हाड पोखरतात. या खटपटीत एक-दोन आठवडे निघून जातात, आणि तोवर दात जागचा हलत नाही. हलका जोर लावला तरी बंधात असे लहान निर्जीव ठिपके थोडेफार होतातच. परंतु ते लवकर भरून निघतात.

भारी जोराचा आणखी एक तोटा आहे. स्प्रिंगला दोन टोके असतात. ती सुळ्याला जेवढी मागे ओढते, तेवढीच दाढेला पुढे ओढते. दाढेची मुळे मोठी आणि अनेक असतात. त्यामुळे हलका जोर त्यांच्या विस्तारावर पसरून फार सौम्य होतो, आणि दाढ जवळजवळ स्थिर राहते. पण जोर वाढवला, की सुळ्याचा बंध निर्जीव होऊन तो अडून बसतो आणि तोच जोर दाढेला हलवण्यास पुरेसा ठरतो. सुळ्यासाठी मोकळी केलेली जागा मग दाढच खाऊन टाकते. म्हणून डॉक्टर दर भेटीत केवळ सुळा किती मागे गेला हे पाहत नाहीत, तर दाढ पुढे आली काय, हेही मोजून पाहतात.

त्या मुलीचा सुळा सुरुवातीला एक-दोन दिवस ठणकला आणि मग त्याचे दुखणे थांबले. तो महिन्याला सरासरी सुमारे एक मिलिमीटर मागे जाऊ लागला. दर चार आठवड्यांनी ती रुग्णालयात जाई. मधला अवकाश पेशींना आपले काम पुरे करण्यासाठी लागतो. रोज स्प्रिंग ताणली म्हणून दात लवकर पोचत नाही. दुसऱ्या महिन्यात सुळा बोटाने किंचित हलतो असे आढळल्यावर ती घाबरली. डॉक्टरांनी तिला समजावले, की हाड खाण्याचे काम लवकर होते आणि नवे हाड कठीण होण्यास वेळ लागतो. म्हणून सरकणारा दात थोडासा डळमळतो. तो फार हलू लागला, किंवा दुखणे थांबेना, तर मात्र जोर कमी करावा लागतो. मुळावरच्या अस्तरात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून पेशी सहसा त्याला सोडून हाडच खातात. पण जोर भारी आणि दीर्घकाळ राहिला, तर मुळाचे टोकही झिजून आखूड होऊ शकते. गेलेली मुळाची लांबी पुन्हा वाढत नाही.

सहा महिन्यांत सुळा नेमलेल्या जागी पोचला. त्यानंतर पुढचे दात मागे घेऊन उरलेल्या फटी मिटवण्यास आणि वळलेला पटाशीचा दात सरळ फिरवण्यास आणखी वर्षभर लागले. एके दिवशी ब्रॅकेट आणि तारा काढल्या गेल्या. तिने आरशात पाहिले. सर्व दात ओळीत होते. डॉक्टरांनी तिला टाळूला बसेल असे एक साधन दिले. ते गुलाबी प्लॅस्टिकचे होते आणि त्याची तार पुढच्या दातांवरून जात होती. हाच रिटेनर. पहिले सहा महिने जेवणाची आणि दात घासण्याची वेळ सोडून तो दिवसरात्र घालावयाचा, आणि पुढे पुष्कळ काळ रात्री घालावयाचा, असे त्यांनी सांगितले.

दोन महिने तिने सांगितल्याप्रमाणे केले. नंतर एके दिवशी शाळेत डबा खाताना तिने रिटेनर कागदात गुंडाळून बाजूला ठेवला आणि कागदासह तो कचऱ्यात गेला. घरी सांगण्याचे तिला धाडस झाले नाही. दात तर सरळ झाले आहेत, आता काय बिघडणार, असे तिने मनाशी म्हटले.

तीन आठवड्यांनी जिभेला काहीतरी निराळे लागले. पटाशीच्या त्या दाताची एक कड पुन्हा ओठाकडे येऊ लागली होती. सुळा आणि त्याच्यामागची उपदाढ यांच्यामध्येही नखभर फट दिसू लागली होती. तेव्हा मात्र तिने आईला सर्व सांगितले.

दात सरळ झाला होता, पण त्याच्या भोवतीचे सारे त्याच्याबरोबर स्थिर झाले नव्हते. खोबणीतील तंतूंना नव्या जागी नीट गुंफून घेण्यास तीन-चार महिने लागतात. नवे हाडही तोवर पुरेसे पक्के नसते. परंतु सर्वांत चिवट असतात ते हिरडीतील तंतू. ते खोबणीच्या वर असतात आणि एका दातापासून शेजारच्या दातापर्यंत जातात. दात फिरवला, की हे तंतू पिळलेल्या टॉवेलासारखे ताणून राहतात. नॉर्वेतील राइटन नावाच्या संशोधकांनी कुत्र्यांचे दात फिरवून ते जागीच धरून ठेवले, आणि मग हिरडीचे काप तपासले. २३२ दिवस लोटले, तरी तेथील तंतू ताणलेलेच होते. पिळलेला टॉवेल हातातून सोडला की उलटा फिरतो. तसाच वळवलेला दात, धरून ठेवणारे कोणी नसले, की मागे फिरू पाहतो. उपदाढ काढलेल्या ठिकाणी हिरडीची घडी चेपून राहते. तीही दोन्ही बाजूंच्या दातांना हळूहळू दूर सारते.

आणि येथे पेशींचा नियम उलट बाजूने लागू होतो. ताणलेल्या तंतूंचा जोर फार लहान असतो, पण तो अहोरात्र असतो. दाताला हलवण्यासाठी लहान आणि सततचा जोरच तर हवा असतो. ज्या रीतीने स्प्रिंगने दात नेला, त्याच रीतीने हिरडी त्याला परत आणते. पेशींना बरे-वाईट कळत नाही; कोठे दाब आहे आणि कोठे ताण, एवढेच त्यांना कळते.

रिटेनरचे काम दात सरकवणे नव्हे, तर जुळवणी पूर्ण होईपर्यंत त्याला जागी धरून ठेवणे हे होय. तो काढता-घालता येतो, यातही एक लाभ आहे. तो काढून जेवताना प्रत्येक दात स्वतंत्रपणे किंचित हलतो, आणि त्या सूक्ष्म हालचालीने बंधातील तंतूंची नवी मांडणी चांगली होते. खोबणीतील तंतू काही महिन्यांत स्थिरावले, तरी हिरडीतील तंतूंना वर्ष किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. शिवाय वाढत्या वयात जबडा वाढत असतो, आणि वाढ थांबल्यावरही वयानुसार दात थोडेफार सरकतच राहतात. म्हणून काही जणांना रात्रीचा रिटेनर अनेक वर्षे ठेवावा लागतो. ज्यांचा दात फार वळलेला होता, त्यांच्या दातांच्या आतल्या बाजूस कधी कधी एक बारीक तार कायमची चिकटवतात.

दात परत सरकू लागल्याची पहिली खूण रिटेनरच देतो. एखाद्या रात्री तो घालताना घट्ट लागला, तर दात हलले आहेत, असे समजावे. घट्ट असूनही तो पूर्ण बसत असेल, तर जास्त वेळ घालावा आणि डॉक्टरांना कळवावे. तो बसतच नसेल, तर जोराने दाबून बसवू नये; त्याने दाताला इजा होते किंवा रिटेनर मोडतो. तो गरम पाण्यात धुवू नये, कारण प्लॅस्टिक वाकडे होते आणि मग वाकडा रिटेनर दातांनाही वाकडे धरतो. आणि तो कागदात गुंडाळू नये. त्यासाठी डबी असते.

त्या मुलीला फार उशीर झालेला नव्हता. डॉक्टरांनी नवा साचा घेतला आणि साच्यावरचा वळलेला दात मेणात सरळ बसवून त्यावरून नवा रिटेनर तयार केला. त्याच्या तारेचा हलका जोर दातावर येई. पहिले दोन दिवस तो दात पुन्हा तसाच ठणकला, जसा पहिल्यांदा ठणकला होता. हाडात पेशी पुन्हा कामाला लागल्याची ती खूण होती. दीड महिन्यात दाताची कड ओळीत आली आणि रिटेनर सहज बसू लागला. तिच्या दप्तरात आता पेन्सिलीच्या डबीशेजारी एक निळी डबी असते. डबा खाण्यापूर्वी ती रिटेनर त्या डबीत ठेवते आणि हात धुवून आल्यावर आधी तो घालते.